जिनिंगमधली नोकरी कागदाशिवाय कशी सिद्ध करायची

प्रश्न: मी पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये 2016 च्या नोव्हेंबरपासून वजनकाट्यावर होतो. सीझनमध्ये कापसाचा काटा करणं, काटापट्टी फाडणं, नंतर सरकीच्या गाड्या भरून देणं, पावसाळ्यात दुरुस्ती आणि राखण, सगळं मीच पाहायचो. लेटर कधी दिलं नाही. ‘परमनंट करतो, पीएफ चालू करतो’ असं मालक दरवर्षी म्हणायचे. आधी पगार रोख होता, चार वर्षांपासून मालकाचा मुलगा फोनपेवर महिन्याला 11,000 टाकायचा. यंदा 14 जूनला पगारवाढ मागितली, तर दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवलं. ‘तुले कुठं लेटर देल्लं आम्ही? तू सीझनचा माणूस, सीझन संपला,’ म्हणाले. माझा काही हक्क आहे का, आणि सिद्ध कसं करू?

उत्तर:

भाऊ, सगळ्यात आधी ‘परमनंट करतो’ या शब्दामागे धावणं सोडा. तो शब्द मालकाने दिला होता हे मी खरं धरते, पण तो कोर्टात सिद्ध करणं फार कठीण असतं आणि सिद्ध झाला तरी त्यातून मिळतं थोडं. नोटीस, नुकसानभरपाई, ग्रॅच्युइटी, पीएफ, किमान वेतन यांतलं काहीही मालकाच्या शब्दावर अवलंबून नाही. तुम्ही त्याच्याकडे, त्याच्या हुकमाखाली, पगारावर काम केलं, एवढ्यावरूनच ते कायद्याने मिळतं. म्हणून सगळी ताकद वचन सिद्ध करण्यात न घालता काम सिद्ध करण्यात घाला.

नेमणूकपत्र नसणं ही तुमची चूकही नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या कामाच्या सुरक्षिततेच्या संहितेप्रमाणे, दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं मालकाला बंधनकारक आहे. जे आधीपासून कामावर होते त्यांनाही संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत ते द्यायचं होतं. त्यामुळे ‘लेटर कुठं दिलं’ हा मालकाचा प्रश्न म्हणजे त्याच्याच कसुरीची कबुली आहे. पण एवढ्याने तुमची केस जिंकली जात नाही. नोकरी होती हे दाखवण्याचं पहिलं ओझं कायद्याने कामगारावरच आहे.

हे ओझं किती जड, ते सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून कळतं. 2002 च्या हदिमनी प्रकरणात न्यायालयाने म्हटलं, की ‘मी 240 दिवस काम केलं’ असं नुसतं प्रतिज्ञापत्र कामगाराने दिलं तर ते पुरत नाही, सोबत काहीतरी पुरावा हवा. नंतर 2005 च्या येल्लट्टी प्रकरणात न्यायालयाने रोजंदारीवरच्या माणसाची अडचणही ओळखली. त्याच्याकडे ना नेमणूकपत्र असतं ना पगाराची पावती, म्हणून तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून मालकाकडचं मस्टर आणि वेतन नोंदवही मागू शकतो, असं त्यात सांगितलं. मालकाने ती आणली नाही तर प्रकरण पाहून न्यायालय त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं. काढेलच असं नाही. म्हणून आधी तुमच्या बाजूने थोडा पण ठोस पुरावा, मग मालकाकडच्या कागदांची मागणी, हा क्रम कायम ठेवा. नुसत्या मागणीवर विसंबून राहिलेल्या केसेस पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

तुमच्या बाजूला काय आहे ते आता बघू. काट्यावरचा माणूस या बाबतीत भाग्यवान असतो. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यावर किंवा गाठी बांधणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्याचा हात कुठल्या कागदाला लागत नाही, तुमचा रोज लागत होता. तुम्ही फाडलेली प्रत्येक काटापट्टी एखाद्या शेतकऱ्याच्या घरात, पासबुकाच्या पिशवीत पडली आहे. तिच्यावर जिनिंगचं नाव, तारीख, गाडीचा नंबर आणि वजन असतं, आणि खाली तुमची सही. मालकाला ती नष्ट करता येत नाही, कारण ती त्याच्याकडे नाहीच. शिवाय पट्टीवरची तारीख, गाडी आणि वजन बाजार समितीतल्या सौद्याच्या नोंदीशी जुळवता येतं, त्यामुळे ‘पट्टी नंतर बनवली’ हा आरोप टिकत नाही.

गावोगाव फिरून शंभर पट्ट्या गोळा करायची गरज नाही. गेल्या सीझनमधल्या, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, प्रत्येक महिन्याच्या तीन-चार पट्ट्या मिळवा. त्या महिन्याच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या असाव्यात. त्याआधीच्या प्रत्येक वर्षाची एक-दोन पुरे, पण 2016-17 च्या पहिल्या सीझनची एक तरी नक्की शोधा, कारण नोकरीची सुरुवात तीच ठरवते. शेतकऱ्याकडून झेरॉक्स घ्या, मूळ पट्टी त्याच्याकडेच राहू द्या, आणि वहीत त्याचं नाव, गाव व पट्टीची तारीख लिहून ठेवा. पुढे तोच मूळ पट्टी घेऊन साक्षीला येईल. माझ्या मते अशा केसमध्ये शेतकरी सगळ्यात भक्कम साक्षीदार. सोबतचे कामगार मनाने तुमच्या बाजूचे असले तरी त्यांची चूल त्याच जिनिंगवर पेटते, आणि उलटतपासणीत ते ‘आठवत नाही’ वर येतात. त्यांना दोष देऊ नका आणि त्यांच्या भरवशावरही राहू नका. काम सोडून गेलेला जुना हमाल किंवा दिवाणजी असेल तर त्याची साक्ष मात्र मोलाची.

दुसरा आधार पगाराचा. फोनपेचे स्क्रीनशॉट दाखवायला ठीक आहेत, पण कोर्टासाठी बँकेत जाऊन खात्याचा चार वर्षांचा उतारा बँकेच्या शिक्क्यासह आणि प्रमाणित करून घ्या. बँकेच्या प्रमाणित उताऱ्याला पुरावा म्हणून 1891 पासूनच्या कायद्याचा आधार आहे. मालक म्हणेल, की पैसे जिनिंगच्या खात्यातून नाहीत, मुलाने उसने दिले. याला उत्तर रकमेच्या ठेवणीतच असतं. उसने पैसे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरल्या आकड्याने येत नाहीत. एखाद्या महिन्यात 11,000 ऐवजी 9,500 आले असतील, तर त्याआधी घेतलेली 1,500 ची उचल शोधा. उचल कापून उरलेला पगार देणं ही नोकरीची पक्की खूण आहे, आणि अशा दोन-तीन नोंदी उताऱ्यात सापडल्या तर त्यांना खूण करून ठेवा. रोख पगाराच्या वर्षांसाठी तुमची स्वतःची उचलीची वही असेल तर ती जशी आहे तशी ठेवा. आता बसून मागच्या तारखांच्या नोंदी त्यात भरू नका. शाई आणि अक्षराच्या ठेवणीवरून ते उघडं पडतं आणि मग खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

तिसरा आधार मोबाइलमधला. मालकाचे किंवा मुलाचे व्हॉट्सॲपवरचे हुकूम शोधा: ‘उद्या सहाला काटा चालू कर’, ‘गाडी सोडू नको, मी येतो’, ‘आज सुट्टी नाही’. वेळ कोण ठरवतं, सुट्टी कोण देतं, काम कोण सांगतं, यावरूनच कोण कोणाचा नोकर हे न्यायालय ठरवतं. असा एक संदेश ‘हा आमचा माणूस आहे’ या दहा साक्षींपेक्षा भारी. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, सिम बदललं तरी हँडसेट जपून ठेवा. संपूर्ण संभाषण फाइल म्हणून बाहेर काढून आपल्या ईमेलवर टाका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा दाखल करताना एक ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. ते काम वकील करून घेईल, पण मूळ फोन जिवंत असेल तरच.

आता केसचा खरा पेच: मालकाचं ‘सीझनचा माणूस’ हे वाक्य. ते सहज निघालेलं नाही, त्याला कोणीतरी ते शिकवलेलं आहे. सीझन संपल्यावर सीझनच्या कामगाराचं काम थांबणं म्हणजे कामावरून काढणं नव्हे, असं न्यायालयांनी मानलेलं आहे. म्हणून तुम्हाला पावसाळ्यातलं काम दाखवावंच लागेल, आणि नेमका तिथेच काटापट्टीचा उपयोग संपतो.

हिशोब असा. शेवटच्या कामाच्या दिवसापासून मागचे बारा महिने मोजायचे, म्हणजे गेल्या वर्षीच्या 15 जूनपासून यंदाच्या 14 जूनपर्यंत. या काळात 240 दिवस काम झालं तर ती एक वर्षाची सलग नोकरी धरली जाते, आणि नोटीस व नुकसानभरपाई त्यावरच ठरते. यात पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच अमेरिकन एक्स्प्रेस प्रकरणात सांगितलं आहे. तुमचा पगार महिनेवारी, रविवारचा कापला जात नव्हता, म्हणून पूर्ण महिना मोजता येतो. समजा काटा 10 नोव्हेंबरला चालू झाला आणि 30 एप्रिलला बंद झाला, तर ते 172 दिवस झाले. 1 मे ते 14 जून हे 45 दिवस, ज्यात तुम्ही सरकीच्या गाड्या भरून देत होता. बेरीज 217. राहिले 23 दिवस, जे गेल्या वर्षीच्या 15 जून ते 9 नोव्हेंबर या काळातून दाखवायचे आहेत.

म्हणजे पावसाळ्याचे सगळे महिने दिवस-दिवस सिद्ध करायची गरज नाही. उताऱ्यात जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरचा पगार दिसला की अर्धं काम झालं, कारण सीझनच्या माणसाला ऑगस्टमध्ये पगार कोणी देत नाही. उरलेल्यासाठी त्या काळात तुमच्या हाताखालून गेलेले बाहेरचे कागद आठवा. सरकी नेणाऱ्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टीची प्रत असते, तिच्यावर माल भरून देणाऱ्याची सही असू शकते. रेच्याचे रोलर आणि पट्टे आणले असतील तर दुकानदाराच्या चलनावर ‘माल मिळाला’ म्हणून तुमची सही असेल. वजनकाट्याच्या पडताळणीला वैधमापन निरीक्षक आला असेल तेव्हा काटा चालवून दाखवणारे तुम्हीच असाल. आणि जिनिंगला कधी आग लागली असेल, तर पोलिसांच्या पंचनाम्यात किंवा विमा सर्वेक्षकाच्या कागदांत ‘कामावर हजर असलेला कामगार’ म्हणून तुमचं नाव आहे का ते नक्की बघा. त्या दिवशी मालकानेच विमा कंपनीला सांगितलेलं असतं, की हा आमचा माणूस. त्याच तोंडाने आता नाही म्हणणं त्याला अवघड जाईल.

हे कागद दुसऱ्यांच्या ताब्यातले आहेत. दुकानदाराने प्रत दिली तर घ्या, नाही दिली तर भांडू नका. कागद कोणाकडे, कुठल्या तारखेचा, एवढं लिहून ठेवा. न्यायालयाकडून समन्स काढून तो मागवता येतो, पण ‘सगळे कागद आणा’ असा अर्ज न्यायालय मान्य करत नाही, नेमका कागद आणि काळ सांगावा लागतो. एक गोष्ट मात्र कधीच करू नका. जिनिंगमध्ये रात्री शिरून किंवा कोणाला सांगून मालकाची वही आणू नका. चोरीची फिर्याद झाली की कामगाराची केस बाजूला पडते आणि जामिनाची धावपळ सुरू होते.

आता पहिला कागद तुमच्याकडून जायला हवा, आणि तो याच आठवड्यात. जिनिंगच्या पत्त्यावर मालकाच्या नावाने पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने आणि पोचपावतीसह. सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, म्हणून खिडकीवर पोचपावती वेगळी मागून घ्या. मजकूर साधा ठेवा:

“मी आपल्या जिनिंगमध्ये नोव्हेंबर 2016 पासून वजनकाट्यावर कामाला आहे. मासिक पगार 11,000 रुपये. 14 जूनपर्यंत मी काम केलं. 15 जूनला सकाळी मी कामावर आलो असता मला गेटवर अडवून कामावर घेण्यास नकार दिला. कोणतीही लेखी सूचना, नोटीस किंवा हिशोब दिलेला नाही. मी नोकरी सोडलेली नाही व आजही कामावर येण्यास तयार आहे. मला तात्काळ कामावर घ्यावे. 1 ते 14 जूनचा पगार द्यावा. माझ्या कामाशी संबंधित मस्टर, वेतन नोंदवही, काट्याच्या कॉम्प्युटरमधील नोंदी व 15 जूनचे गेटवरील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे.”

प्रत्येक वाक्य कामाचं आहे. ‘नोकरी सोडलेली नाही’ हे वाक्य मालकाचा सगळ्यात आवडता बचाव आधीच बंद करतं. सीसीटीव्ही काही आठवड्यांत आपोआप पुसला जातो, म्हणून आत्ताच मागायचा. पुसला गेला तरी ‘मागितलं होतं, जपलं नाही’ हे नोंदीवर राहतं. तारीख नक्की माहीत नसेल तर ‘नोव्हेंबर 2016 पासून’ एवढंच लिहा, अंदाजाने ‘7 नोव्हेंबर’ लिहू नका. उलटतपासणीत हेच पत्र तुमच्यापुढे धरलं जाईल, आणि यातली तारीख पुढच्या अर्जात बदललेली दिसली तर मालकाचा वकील त्यावरच तास घालवेल.

मालकाचं उत्तर आलं तर ते घाईघाईने फाडू नका. त्याने लिहिलं, की ‘हा स्वतःहून यायचा बंद झाला’, तर तुमची अर्धी लढाई जिंकली. यायचा बंद झाला म्हणजे आधी येत होता, हे त्याने लेखी मान्य केलं. मग त्याने तुम्हाला परत बोलावणारं पत्र का पाठवलं नाही, याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. ‘सीझनचा कामगार होता’ यातही नातं मान्य होतं, वाद फक्त काळाचा राहतो. ‘ठेकेदाराचा माणूस होता’ असं आलं, तर ठेकेदार कोण, त्याचं लायसन्स आणि करार कुठे, त्याने पगार कुठल्या खात्यातून दिला, एवढंच विचारायचं. तुमच्या उताऱ्यात मालकाच्या मुलाचं नाव आहे, ठेकेदाराचं नाही. ‘ओळखतच नाही’ हे उत्तर सगळ्यात कठोर दिसतं, पण इतक्या वर्षांच्या काटापट्ट्यांसमोर ते सगळ्यात लवकर कोसळतं, आणि एकदा खोटं पडलेल्या माणसाच्या बाकीच्या बोलण्यावरही न्यायालय विश्वास ठेवत नाही. ‘तो मॅनेजर होता’ असाही एक डाव असतो, कारण मॅनेजर कामगार ठरत नाही. तुम्ही कोणाला कामावर घेत नव्हता, कोणाची रजा मंजूर करत नव्हता, काटा करून पट्टी लिहीत होता. ते कारकुनी काम आहे, आणि कारकुनी काम करणारा कामगारच.

पत्राला पंधरा दिवसांत काही झालं नाही, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तडजोडीसाठी अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे तडजोड अधिकाऱ्याने 45 दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तडजोड फसली तर तो अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत तुम्ही न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकता. वाद उभा राहून दोन वर्षं उलटली तर तडजोड अधिकारी प्रकरण हातात घेत नाही. जुन्या कायद्यात न्यायालयात जायला तीन वर्षं मिळत, ती सवय अजून लोकांच्या बोलण्यात आहे, म्हणून ‘बघू पुढच्या सीझननंतर’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

कोणी तुम्हाला महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली तक्रार करायला सांगेल. तो कायदा चांगला आहे, पण तुमच्यासारख्या केसमध्ये एक खड्डा आहे. मालकाने नातंच नाकारलं आणि ते आधी कुठे मान्य झालेलं नसेल, तर त्या कायद्याखालचं न्यायालय नात्याचा वाद सोडवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सिप्ला प्रकरणात सांगितलं. तो ठेकेदारी कामगारांचा वाद होता, पण मालकांचे वकील तो निकाल सगळीकडे पुढे करतात. त्या तक्रारीची मुदतही 90 दिवसांची. म्हणून मालकाचं उत्तर येईपर्यंत थांबा. त्यात नातं मान्य असेल तर तो रस्ता उघडा आहे, नसेल तर तडजोडीचाच रस्ता धरा.

पीएफची तक्रार वेगळी करा, ती या वादात अडकवू नका. जिनिंगमध्ये वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागू होतो. भविष्य निधी कार्यालयात तक्रार, सोबत बँकेचा उतारा आणि काही काटापट्ट्या. तिथला अधिकारी मालकाच्या वह्या स्वतः तपासू शकतो, आणि तुम्हाला कामगार म्हणून धरणारा त्याचा आदेश दुसऱ्या केसमध्येही उपयोगी पडतो. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, मागे मात्र लागू नका. फक्त सीझनपुरत्या चालणाऱ्या जिनिंगला तो कायदा मुळातच लागू नव्हता.

ग्रॅच्युइटीचाही अर्ज मालकाकडे वेगळा द्या, तीस दिवसांच्या आत. इथे ‘सीझन’चा वाद पैशांत किती मोठा आहे ते दिसतं. वर्षभर काम करणाऱ्याला प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिन्याचे 26 दिवस धरून. तुमची नोकरी नऊ वर्षं सात महिने, सहा महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरतात, म्हणून दहा वर्षं. 11,000 ला 26 ने भागून 15 ने आणि 10 ने गुणलं की 63,461 रुपये होतात. सीझनच्या कामगाराला दर सीझनला फक्त सात दिवसांचा पगार, म्हणजे दहा सीझनचे 29,615 रुपये. पावसाळ्यातल्या त्या बिल्ट्या आणि चलनं इथेच तुम्हाला जवळजवळ 34,000 मिळवून देतात.

11,000 हा पगार जिनिंग-प्रेसिंग उद्योगाच्या किमान वेतनापेक्षा कमी आहे का, हे कामगार कार्यालयातल्या चालू दराच्या तक्त्यावरून तपासा. कमी असेल तर मागच्या तीन वर्षांचा फरक मागता येतो. वेतन संहितेप्रमाणे अशा दाव्यात पूर्ण पैसे दिले हे मालकाने सिद्ध करायचं असतं. 1 ते 14 जूनचा पगारही कामावरून काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवा होता.

काय मिळेल याबद्दल खरं सांगते. तोंडी काढलेल्या माणसाला परत कामावर घेण्याचा आदेश होऊ शकतो, पण गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालय अशा प्रकरणांत पुष्कळदा कामावर परत न पाठवता एकरकमी भरपाई देतं. निकालाला वर्षं लागतात. या काळात तुम्ही दुसरीकडे मजुरी केलीत तर ती लपवू नका, विचारल्यावर खरं सांगा. पोटासाठी केलेल्या चार दिवसांच्या मजुरीने हक्क जात नाही, खोटं बोलण्याने जातो.

वकिलाच्या खर्चाने अडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 मध्ये औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तुमच्या केळापूर तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्या. पण वकिलाकडे जाताना काटापट्ट्यांच्या झेरॉक्स तारखेने लावून, बँकेचा उतारा आणि पत्राची पोचपावती घेऊन जा. विस्कळीत पिशवी नेली की पहिली भेट कागद लावण्यातच जाते.

आणि तडजोडीच्या आधी मालकाकडून निरोप येईल. बहुधा एखाद्या नातेवाइकामार्फत: ‘दहा-पंधरा हजार घे आणि सही कर.’ त्या व्हाउचरवर ‘माझा सर्व हिशोब मिळाला, काही घेणं नाही, मी स्वखुशीने काम सोडलं’ असं लिहिलेलं असतं. कोऱ्या कागदावर तर सही करूच नका. 1 ते 14 जूनचा पगार म्हणून देत असतील तर घ्या, पण सहीजवळ स्वतःच्या अक्षरात ‘फक्त 1 ते 14 जूनचा पगार मिळाला, बाकी हक्क राखून’ असं लिहा आणि त्या कागदाचा फोटो घ्या. लिहू देत नसतील तर पैसे घेऊ नका.

तडजोड करायचीच तर ती कामगार अधिकाऱ्यासमोर, लेखी, आणि हा आकडा डोक्यात ठेवून. नियमाप्रमाणे काढलं असतं तरी एका महिन्याच्या नोटिशीचे 11,000, दहा वर्षांची प्रत्येकी पंधरा दिवसांची नुकसानभरपाई म्हणजे सुमारे 55,000, आणि ग्रॅच्युइटी 63,461. हेच 1 लाख 29 हजारांच्या वर जातं. त्यात जूनचे चौदा दिवस, पीएफ आणि किमान वेतनाचा फरक धरलेला नाही. नियमाविरुद्ध काढल्याची भरपाई त्याहून वेगळी, आणि बोलणी तिथून सुरू करायची.